अकरा महिने, एक डिपॉझिट आणि १९७३ ची एक तारीख

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या मामांनी वरचा मजला भाड्याने द्यायचं ठरवलं. ऑनलाइन फॉर्म भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरात एक इंजिनियर असला की प्रिंटर दुरुस्तीपासून सरकारी फॉर्मपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात पडतं, हे तुम्हाला सांगायला नको :) तर मी फोनवर विचारतोय आणि मामा सांगतायत. मुदतीचा रकाना आला तसे मामा म्हणाले, "अकराच महिने टाक रे बाबा. वर्ष झालं तर रजिस्टर करावं लागतं."

आता गंमत बघा. हे वाक्य मामा मला नोंदणीचाच फॉर्म भरताना सांगत होते!

मामांना हसायचं काही कारण नाही. आपल्याकडे हा आकडा इतका मुरलाय की "अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट" हा एकच शब्द वाटतो. पण हा अकरा आला कुठून? आणि डिपॉझिटचा रकाना दोन वेगवेगळ्या प्रकारांत का विभागलेला असतो? दोन-तीन शनिवार-रविवार त्यात घालवले तेव्हा कळलं की हा फॉर्म म्हणजे खरं तर ऐंशी-नव्वद वर्षांच्या भांडणांचा डेटाबेस आहे. प्रत्येक रकान्यामागे कोणीतरी कोणालातरी फसवलेलं आहे, नाहीतर फसवणूक होऊ नये म्हणून सरकारने उशिरा का होईना काहीतरी केलेलं आहे.

सुरुवात घरमालकापासून करू, कारण फॉर्मही साधारण तिथूनच सुरू होतो. `efilingigr.maharashtra.gov.in` या साइटवर आधी मिळकत ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा निवडायचा, पासवर्ड ठरवायचा, की एक टोकन नंबर मिळतो. मग मिळकतीचं वर्णन आणि त्यानंतर माणसं. इथे तुम्हाला 'घरमालक' आणि 'भाडेकरू' हे शब्द सापडणार नाहीत. असतात ते लायसेन्सॉर आणि लायसेन्सी. मराठी दस्तात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. मामांनी लगेच विचारलं, "मालक कुठं लिहायचा?"

मालक आणि भाडेकरू हे शब्द गायब होण्याची गोष्ट मुंबई सरकारच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून सुरू होते. भाड्यावर बंधनं त्याच्याआधीही होती, अगदी पहिल्या महायुद्धातला १९१८ चा कायदा धरून. पण १९४७ चा कायदा पन्नास वर्षं टिकला. त्याचा गाभा सोपा होता. १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं ते प्रमाणभूत धरायचं, त्याहून जास्त घ्यायचं नाही, आणि ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला बाहेर काढायचं नाही. महायुद्ध संपलेलं, फाळणीचे निर्वासित आलेले, शहरांत जागा नाही. अशा वेळी हा कायदा लोकांना आधार देणाराच होता.

(जाता जाता एक नकाशातली गंमत. हा कायदा अमलात आला १३ फेब्रुवारी १९४८ ला. सातारा तेव्हा मुंबई प्रांतातच होता, पण सांगली नव्हती! सांगलीला पटवर्धनांचं संस्थान होतं आणि ते मुंबई प्रांतात विलीन झालं ८ मार्च १९४८ ला, म्हणजे बरोब्बर चोवीस दिवसांनी. मग १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला, मुख्यालय सांगली. त्याला 'सांगली' हे नाव मिळालं १९६० मध्ये. आज फॉर्मवर जिल्ह्याच्या यादीत दोन्ही नावं निमूटपणे शेजारी शेजारी बसलेली असतात.)

भाडं गोठलं खरं, पण महागाई कुठे गोठते? १९४० चं भाडं १९५५ मध्ये घ्यायचं म्हणजे मालकाला घराची घरपट्टीसुद्धा जड वाटायला लागली. त्यातून दोन पळवाटा निघाल्या. एक म्हणजे पागडी, रोखीची आणि बेकायदा. दुसरी जास्त हुशार. कायदा 'भाडेकरू'ला संरक्षण देतो ना? मग आपण भाडेकरू ठेवायचाच नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, कलम ५२ आहे. त्यात 'लायसन्स' म्हणजे दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती परवानगी, जागेत कसलाही हक्क नाही. पाहुण्याला सोफ्यावर झोपू देण्यासारखं. फक्त पाहुणा दरमहा पैसे देतो :) बस्स, वकिलांनी करारांवर 'लिव्ह अँड लायसन्स' असं लिहायला सुरुवात केली.

प्रश्न असा, की नुसतं नाव बदलल्याने वस्तू बदलते का? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो दिल्लीच्या एका हॉटेलमुळे. इंपीरियल हॉटेलमधल्या काही खोल्या आर. एन. कपूर यांना केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या. कागदावर लिहिलं होतं लायसन्स. १९५९ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की मथळा बघू नका, आतला मजकूर आणि दोघांचा हेतू बघा. आणि त्या निकषावर हा भाडेपट्टाच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव बदलून टाइप बदलत नाही.

तरी महाराष्ट्रात, मुख्यतः मुंबईत, लायसन्सचे करार चालूच राहिले. मग राज्य सरकारने १९७३ मध्ये थेट कायदाच बदलला. नवीन कलम आलं, १५ अ. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो कोणी चालू लायसन्सवर जागेत राहत होता, तो त्या दिवसापासून भाडेकरू मानला जाईल. एका तारखेच्या दोन बाजू बघा. अलीकडच्या माणसाला आयुष्यभराचं संरक्षण मिळालं. पलीकडच्या मालकाने मात्र "पाहुणा" समजून ठेवलेला माणूस कायमचा झाला. त्यानंतर कित्येक मालकांनी ठरवलं की घर रिकामं कुलूप लावून ठेवू, पण कोणाला देणार नाही. आमच्या मामांच्या पिढीला भाडेकरू म्हटलं की अजून जी धडकी भरते ना, तिचं मूळ माझ्या मते या काळात आहे.

आणि इथेच आपला अकरा येतो.

अकराचं गणित मुळात भाडेपट्ट्याचं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०७, आणि १९०८ चा नोंदणी कायदा, कलम १७, दोघंही म्हणतात की एक वर्षाहून जास्त मुदतीचा स्थावर मिळकतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे. वर्षाच्या आत असेल तर सक्ती नाही. नीट वाचलंत तर बारा महिनेसुद्धा चालायला हवेत, कारण अट 'वर्षाहून जास्त' अशी आहे. पण तारखा मोजताना एक दिवस इकडे-तिकडे झाला तर? आम्ही ज्याला ऑफ बाय वन एरर म्हणतो, तिची भीती वकिलांना आमच्याआधी शंभर वर्षं होती. म्हणून एक महिना बफर ठेवून अकरा. नोंदणी टळली, नोंदणीचा खर्च टळला, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातली चक्कर टळली.

मजा म्हणजे लायसन्सला हे गणित लागूच नव्हतं. लायसन्सने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे तेव्हा त्याच्या नोंदणीची सक्तीच नव्हती, मग मुदत अकरा असो की बावीस. पण माणसाने एकदा अकरा पाठ केला की तो सगळीकडे वापरतो. शिवाय १९७३ नंतर मालकाला मुदत जितकी छोटी तितकी बरी वाटायची. त्यामुळे भाडेपट्ट्याची सवय लायसन्समध्ये कॉपी-पेस्ट झाली आणि ती आजतागायत कोणी डिलीट केली नाही.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १९४० चं भाडं इतकी वर्षं गोठवून ठेवणं हे आता अवाजवी झालंय. मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, अंमल ३१ मार्च २००० पासून. या कायद्याच्या कलम ५५ ने अकराचं कामच संपवलं. ते म्हणतं, लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेपट्टा, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे. मुदतीचा उल्लेखच नाही. दोन महिन्यांचा असला तरी नोंदवा. (हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू होतो, हे लक्षात असू द्या.)

आणि नोंदवायची जबाबदारी कोणाची? घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला त्याहून धारदार वाटतं ते त्यातलं दुसरं वाक्य. नोंदवलेला लेखी करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं मानलं जाईल, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. म्हणजे स्टॅम्पपेपरवर नोटरीकडून शिक्का मारून आणलेला जो करार अजूनही सर्रास चालतो, तो मालकाला वाटतं तितकं त्याचं रक्षण करत नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. मी हे मामांना सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "मग चोवीस टाक."

उलट नोंदवलेल्या लायसन्सची मालकाला चांगलीच ताकद मिळते, आणि ती सगळी मुदत संपायच्या तारखेत आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहण्यासाठी दिलेली जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो, आणि जागा अडवून ठेवलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई लागते. या कलमापुरता लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून तारखा घाईत टाकू नका. १ ऑगस्ट २०२५ पासून चोवीस महिने म्हणजे ३१ जुलै २०२७, १ ऑगस्ट २०२७ नव्हे. वरची मर्यादा साठ महिन्यांची. त्यापुढे गेलात तर मुद्रांक शुल्कासाठी तो भाडेपट्टाच धरतात आणि हिशोब वेगळा होतो. दुसरी एक तारीख लोक विसरतात. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर करावा लागतो. "राहायला तर आलोय, करू निवांत" असं म्हणत दिवाळी उलटून जाते.

आता डिपॉझिट. हा माझा सगळ्यात आवडता रकाना, कारण इथे सरकारने केलेली फिक्स खरंच सुंदर आहे.

मुद्रांक शुल्क हे भाड्यावर बसतं म्हटल्यावर पळवाट उघड होती. भाडं नावापुरतं लिहायचं आणि डिपॉझिट भरमसाठ घ्यायचं. मालक ते बँकेत ठेवणार, व्याज हेच त्याचं भाडं. मुंबईत याला 'हेवी डिपॉझिट' असं सरळ नावच आहे. त्यावर उत्तर काय? महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातला अनुच्छेद ३६ अ म्हणतो, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज कल्पनेत धरा आणि ते भाड्यात मिळवा. परत न मिळणारी रक्कम असेल तर ती पूर्ण मिळवा. या बेरजेवर पाव टक्का शुल्क. म्हणूनच फॉर्मवर डिपॉझिटचे दोन वेगळे रकाने आहेत.

सांगलीचं उदाहरण घेऊ. माझ्या कॉलेजातला एक ज्युनियर विश्रामबागेत फ्लॅट घेत होता. भाडं ९,५००, डिपॉझिट ६०,०००, मुदत चोवीस महिने. हिशोब असा:

```
भाडे        9500 x 24        = 228000
व्याज       60000 x 10% x 2  =  12000
एकूण                         = 240000
शुल्क       240000 x 0.25%   =    600
```

शुल्क सहाशे रुपये. त्यावर नोंदणी फी, शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. शिवाय दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च. एजंट घरी अंगठ्याचं मशीन घेऊन आला तर त्याचे पैसे वेगळे.

त्याच्या घरमालकांनी (नाव नको, माणूस तसा बरा आहे) एक प्रस्ताव ठेवला. डिपॉझिट साठ घेऊ, पण फॉर्मवर दहा टाकू. "उगाच सरकारला कशाला पैसे?" ज्युनियरचा मला मेसेज आला की दादा, शुल्क वाचतंय, करू का?

मी म्हटलं आधी किती वाचतंय ते काढ. डिपॉझिट पन्नास हजारांनी कमी दाखवलं. त्यावरचं दोन वर्षांचं कल्पित व्याज दहा हजार. त्याचा पाव टक्का किती? पंचवीस रुपये. बसस्टँडवरच्या दोन चहांचे पैसे. आणि त्या बदल्यात तो काय देत होता? पन्नास हजार रुपयांचा एकमेव सरकारी पुरावा. दोन वर्षांनी भिंतींच्या रंगावरून वाद झाला आणि मालक म्हणाले की डिपॉझिट दहाच होतं, तर नोंदवलेला, दोघांच्या अंगठ्याचा, दोन ओळख पटवणाऱ्यांसमोर झालेला दस्त मालकांच्याच बाजूने बोलणार. मी वर म्हटलं ना, कागद नसेल तर कायदा भाडेकरूचं ऐकतो. पण कागद असेल, तर कागदाचं ऐकतो. चुकीचा नोंदवलेला आकडा हा न नोंदवलेल्या कराराहून भाडेकरूला महाग पडू शकतो.

मालकांना हाच हिशोब लिहून दाखवल्यावर ते स्वतःच म्हणाले, "पंचवीसच? मग टाका की साठ." बऱ्याच वेळा वाईट हेतू नसतोच. कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की डिपॉझिट कमी दाखवायचं असतं. अकरासारखंच.

तिथेच दुसरी एक गोष्ट सापडली. एजंटने आधी भरलेल्या मसुद्यात शुल्क ७२० दिसत होतं. ६०० हवं असताना हे वरचे १२० कुठून आले? उलटा हिशोब केला. ७२० ला पाव टक्क्याने भागलं तर एकूण रक्कम येते २,८८,०००. त्यातून भाड्याचे २,२८,००० वजा केले तर उरतात साठ हजार. म्हणजे अख्खं डिपॉझिट! रक्कम 'परत न मिळणारी' या रकान्यात पडली होती. १२० रुपयांचं दुःख नाही, पण तो मसुदा तसाच पुढे गेला असता तर साठ हजार परत मागायचा हक्कच दस्तात नसता. म्हणून माझा सल्ला एवढाच, की पैसे भरायच्या आधी वरच्या चार ओळींचा हिशोब स्वतः कागदावर करा. साइटचा आकडा जुळला नाही तर साइट चुकली असं समजू नका, आधी कुठला तरी रकाना चुकलाय का ते शोधा. आणि कसं दिलं याचाही उल्लेख दस्तात येऊ द्या. डिपॉझिट बँकेतून पाठवलं असेल तर तारीख आणि व्यवहार क्रमांक.

परत मामांकडे, कारण त्यांची खरी अडचण वेगळीच निघाली. मिळकतीच्या वर्णनात सिटी सर्व्हे नंबर टाकायचा होता म्हणून त्यांनी मिळकत पत्रिका काढली. पेठेतलं जुनं घर. पत्रिकेवर नाव अजून आजोबांचंच! आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. घरपट्टी मामा भरतात, वीजबिल मामांच्या नावावर, अख्खी पेठ त्यांना मालक म्हणून ओळखते. पण वारसांची नोंद करायची राहूनच गेली, आणि वारसांत माझी आई आणि मावशीसुद्धा येतात. लायसेन्सॉर म्हणून एकट्या मामांचं नाव टाकलं तर फॉर्म अडवत नाही. पॅन आणि आधार जुळलं, अंगठा लागला, की माणूस तोच आहे हे सिद्ध होतं. घर त्याचंच आहे हे नव्हे. नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नाही. उद्या वाद झाला तर भाडेकरूने ज्याच्याशी करार केला त्याला तो करायचा अधिकार होता का, असा प्रश्न निघू शकतो.

त्यामुळे भाडेकरूंनो, डिपॉझिट देण्याआधी मिळकत पत्रिका किंवा निदान घरपट्टीची पावती मागायला लाजू नका. आमच्याकडे तोडगा साधा निघाला. वारस नोंदीचा अर्ज टाकला आणि तोवर करारात आई, मावशी आणि मामा असे तिघंही 'लिहून देणार' झाले. अंगठ्यासाठी आईला पुण्याहून आणि मावशीला कराडहून यावं लागलं, आणि त्या निमित्ताने जेवणाचा बेत झाला तो भाग वेगळा.

हे सगळं घरबसल्या होतं त्याला आधार आहे महाराष्ट्राच्या २०१३ च्या ई-नोंदणी नियमांचा. पण 'सबमिट' केलं म्हणजे झालं असं नाही. पलीकडे दुय्यम निबंधक दस्त तपासतो, त्रुटी असेल तर परत पाठवतो, मान्य केला की मगच दस्त क्रमांक पडतो. तो पडल्यावर सूची क्रमांक दोन उतरवून घ्या. पानभर असते. त्यात पक्षकारांची नावं, रकमा आणि मिळकतीचं वर्णन थोडक्यात असतं. ती दोघांनी एकत्र बसून वाचा, कारण मसुद्यात चूक सापडली तर ती मिनिटात बदलता येते, पण नोंदणीनंतर सापडली तर दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्याला दोघांचेही अंगठे पुन्हा लागतात.